शेळ्या-बोकडांची बाजारापर्यंतची वाहतूक: दाखला, गाडी आणि बारा तासांची अट

धाराशिव जिल्ह्यातील एका शेळीपालकाने गेल्या वर्षी ईदच्या आधी उस्मानाबादी जातीचे २२ बोकड देवनारच्या बाजारासाठी पिकअपमध्ये भरले. त्याच्याजवळ आरोग्य दाखला होता, ग्रामपंचायतीचा कागद होता, तरीही गाडी वाटेत अडवली गेली. दाखला दोन दिवसांपूर्वीचा निघाला, सही पशुधन पर्यवेक्षकाची होती, आणि हौद्यात बोकडांना वळायलाही जागा नव्हती. त्याच्या तिन्ही चुका नेहमीच्याच असल्याने पुढील माहिती त्यांच्याभोवतीच मांडली आहे. कागद झेरॉक्स करणे, प्रती काढणे वगैरे बाबी ज्याच्या त्याला ठाऊक असतात.

प्रथम कोणता नियम कोणाला लागतो ते पाहू. ‘प्राण्यांची वाहतूक नियम, १९७८’ यातील शेळ्या-मेंढ्यांचे प्रकरण सहा तासांपेक्षा जास्त प्रवासाला लागू होते. ‘आपला बाजार चार तासांवर आहे, म्हणजे आपल्याला काहीच नको,’ असा अर्थ यातून बरेच जण काढतात आणि तिथेच फसतात. गाडीतील जागेचा नियम मोटार वाहन नियमांत आहे आणि त्याला तासांची मर्यादा नाही. जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने नेणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, मग अंतर दहा किलोमीटर का असेना. शिवाय कागदावर साडेपाच तासांचा असलेला रस्ता घाटात कोंडी झाली की आठ तासांचा होतो. त्यामुळे सहा तासांच्या आसपासचा प्रवास असेल तर दाखला घ्यावाच.

आता दाखल्याविषयी. १९७८ च्या नियमांसोबत जोडलेल्या नमुन्यात पशुवैद्यकाने असे लिहून द्यायचे असते की, प्रवास सुरू होण्यापूर्वी १२ तासांच्या आत त्याने ही जनावरे गाडीत तपासली, ती प्रवासाला योग्य आहेत, त्यांच्यात संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत आणि त्यांना पुरेसे चारा-पाणी दिलेले आहे. यातील ‘१२ तास’ आणि ‘गाडीत’ हे दोन शब्द सर्वाधिक अर्जदारांच्या नजरेतून सुटतात. सोमवारी सकाळी दवाखान्यात चार बोकड नेऊन बावीसांचा दाखला आणायचा आणि मंगळवारी रात्री निघायचे, ही सर्रास चालणारी पद्धत आहे आणि अशा दाखल्याला अर्थ उरत नाही. डॉक्टरांची वेळ आधी ठरवावी आणि निघण्याची वेळ तिच्याशी जुळवावी. रात्री नऊला गाडी हलवायची असेल तर दुपारी चारनंतरची तपासणी सोयीची पडते. रविवार किंवा सुट्टी आडवी येत असेल तर ते चार दिवस आधीच पाहून ठेवावे.

सही कोणाची, हा प्रश्न त्याहून जास्त लोकांना अडवतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० नुसार आरोग्य दाखल्यावर सही करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. गावाजवळचा दवाखाना श्रेणी २ चा असेल तर तिथे बहुधा पशुधन पर्यवेक्षक असतात. ते वर्षभर तुमच्या शेळ्यांना लस टोचतात, रात्री-अपरात्री धावून येतात, पण हा दाखला त्यांच्या सहीने चालत नाही. श्रेणी १ च्या दवाखान्यातील पशुधन विकास अधिकारी गाठावे लागतात, आणि ते तालुक्यातील निम्म्या गावांचा भार वाहत असल्याने ऐन हंगामात मिळणे कठीण जाते. या अडचणीची फळे शेळीपालकाने भोगावीत हे योग्य नव्हे, पण सहीखाली नोंदणी क्रमांक नसलेला दाखला घेऊन निघणे हा त्यावरचा उपाय नाही.

दाखल्याआधी कानातील बिल्ला तपासावा. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बारा अंकी बिल्ला आणि त्याची भारत पशुधन प्रणालीतील नोंद नसेल तर जनावराची खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही. बिल्ला सहसा असतो, अडचण नावाची असते. आठवडी बाजारातून घेतलेल्या बोकडाचा बिल्ला प्रणालीत आधीच्या मालकाच्या नावावरच राहतो आणि नाक्यावर ‘हा माल तुमचा कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. खरेदी केली त्याच आठवड्यात नाव बदलून घ्यावे, आणि बाजार समितीची पावती कितीही मळली तरी फेकू नये.

राहिला तो कागद, जो जवळजवळ कोणाकडेच नसतो. २००१ मध्ये १९७८ च्या नियमांत झालेल्या दुरुस्तीने नियम ९६ आला. त्यानुसार कोणतेही जनावर नेण्यापूर्वी, सर्व केंद्रीय व राज्य कायद्यांचे पालन झाले आहे असे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने किंवा केंद्र सरकारने अधिकृत केलेला अधिकारी, व्यक्ती अथवा संस्थाच देऊ शकते. आरोग्य दाखला म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. आपल्या भागात हे कोण देते, असे तालुक्याला विचारले तर जिल्ह्याकडे बोट दाखवले जाते आणि जिल्ह्याला विचारले तर पुन्हा तालुक्याकडे. नियम करताना तो पाळण्याची खिडकी उघडायचे राहून जाते, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. निदान महिनाभर आधी जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. पोच हे प्रमाणपत्र नाही, तिच्या जोरावर निघू नये. मात्र अधिकार कोणाला आहे याचे उत्तर तोंडी विचारण्यापेक्षा लेखी अर्जाने लवकर मिळते. ईदच्या काळात देवनारला माल उतरवण्यासाठी मुंबई महापालिकेची परवानगी वेगळी लागते, ती वेळेत काढावी.

गाडीचा नियम हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई आहे आणि तो १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार जनावरांच्या गाडीत पक्के कप्पे हवेत, शेळी-मेंढीसाठी कप्पा ०.३ चौरस मीटरपेक्षा लहान नको, गाडीला आरटीओचा विशेष परवाना हवा आणि त्या गाडीतून दुसरा माल न्यायचा नाही. शब्दशः वाचले तर प्रत्येक शेळीला स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो, आणि अशी गाडी मी तरी बाजारात अजून पाहिलेली नाही. १९७८ च्या नियमांत मात्र शेळ्या गटाने उभ्या राहतील असे धरून मोठ्या गाडीत दर दोन-तीन मीटरवर आडवी फळी सांगितली आहे. या दोन नियमांचा मेळ घालणे हे मंत्रालयाचे काम. भाड्याची गाडी ठरवताना चालकाकडे आरटीओच्या परवान्याची प्रत मागावी. ‘आमची गाडी नेहमीच जाते’ हे उत्तर ऐकले तर दुसरी गाडी शोधावी.

जागेचा हिशेब मात्र हातानेच करावा. त्या पिकअपचा हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद, म्हणजे सव्वाचार चौरस मीटर होता. त्याला ०.३ ने भागले की १४ बोकड बसतात. भरले होते २२, म्हणजे प्रत्येकी जेमतेम ०.१९ चौरस मीटर. बोकड पस्तीस किलोंचे होते आणि जागा वीस-पंचवीस किलोंच्या करडांची. साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसपेक्षा जास्त शेळ्या नकोत, असेही १९७८ चे नियम सांगतात. लोक त्याचा अर्थ ‘चाळीस भरता येतात’ असा घेतात. हौदा अकरा चौरस मीटरचा असेल तर हिशेबाने ३६ च बसतात.

जागा कमी पडली की काय होते, ते कातडे उतरेपर्यंत दिसत नाही. गाडीने ब्रेक मारला की एखादा बोकड खाली बसतो, दाटीमुळे त्याला उठता येत नाही आणि बाकीचे त्याच्यावर उभे राहतात. बरगड्यांवर आणि पोटाच्या बाजूला पसरलेला लालभडक मुका मार बहुधा तुडवल्याचा असतो. पुठ्ठ्यावरचा आणि पाठीवरचा काठीचा किंवा फाळक्याच्या कडेचा, आणि केस धरून उचलले असेल तर मुठीएवढा डाग कुशीवर उठतो. मार काळपट-जांभळा पडला असेल तर तो प्रवासाच्या आधीचा, गोठ्यातला किंवा आदल्या बाजारातला असण्याचा संभव जास्त. एवढे मांस कापून टाकावे लागते आणि व्यापारी पुढच्या वेळी तुमच्या मालाचा भाव पाडतो. जागा अती सैल असणेही वाईट, कारण वळणावर बोकड घसरत जाऊन कडेला आदळतात. आडवी फळी त्यासाठीच असते. हौद्यात निदान ५ सेंटिमीटर जाडीचा पेंढा हवा, पाय बांधायचे नाहीत, आणि नर व माद्या एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत.

चढवताना शिंग, कान किंवा पाय धरून ओढू नये. फाळक्याला कमी उताराची, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लावावी, दोन्ही बाजू गोणपाटाने झाकाव्यात आणि कळपात पुढे चालणारा एखादा जुना खच्ची बोकड आधी चढवावा; बाकीचे त्याच्यामागे जातात. हौद्यात अंधार आणि दारात ऊन असेल तर ते सावलीच्या रेषेवर अडतात. अशा वेळी काठी उगारण्याऐवजी गाडीचे तोंड फिरवावे. वजन दिसावे म्हणून आदल्या रात्री मका चारण्याची सवय सोडावी. पोट आंबलेला बोकड गाडीत सर्वांत आधी बसतो. कडबा आणि हरभऱ्याचा भुसा पुरे, पाणी निघेपर्यंत द्यावे.

दंडाचा हिशेब करून धोका पत्करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, आणि तो ऐकून लोक हसतात. पण जप्त जनावरांच्या देखभालीविषयीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अशी जनावरे खटला चालू असेपर्यंत पांजरपोळात किंवा गोशाळेत राहू शकतात, त्यांच्या चाऱ्याचा-औषधाचा खर्च मालकावर येतो आणि गाडीही तारण म्हणून अडकते. ईद निघून गेल्यावर सुटलेल्या बोकडाला ईदचा भाव मिळत नाही.

त्या शेळीपालकाने यंदा ४.३ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद हौद्याचा परवानाधारक टेम्पो ठरवला. त्यात हिशेबाने २७ बोकड बसत होते, त्याने २२ च भरले आणि मध्ये फळी टाकली. डॉक्टर सायंकाळी पाच वाजता आले, त्यांनी गाडीत चढून एकेक बिल्ला वाचला आणि एक लंगडा बोकड उतरवला. गाडी रात्री नऊला निघाली, दाखल्यावर २१ लिहिलेले होते.