कंपनीचं नाव नोंदवलं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला? नाही!

नवा धंदा काढणाऱ्यांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नाव रजिस्टर केलंय, आता काळजी नाही." नक्की काय रजिस्टर केलंय, असं विचारलं की गाडी अडते. कंपनी? ट्रेडमार्क? वेबसाइटचा पत्ता? उत्तर बहुतेक वेळा "तेच ते" असं असतं. तेच ते नसतं, म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा लिहून ठेवतो.

ब्रँड, ट्रेडमार्क, लोगो, कंपनीचं नाव: थोडक्यात काय काय?

कंपनीचं नाव हे कायद्याने जन्माला आलेल्या संस्थेचं नाव. करारावर तेच येतं, कर्ज त्याच नावावर निघतं, कोर्टात तेच उभं राहतं. ट्रेडमार्क ही मालावरची किंवा सेवेवरची खूण. ती पाहून गिऱ्हाइकाला कळतं की हा माल अमक्याकडचा आहे, आणि तशीच खूण दुसऱ्याने वापरली तर तुम्हाला त्याला अडवता येतं. ती शब्द असेल, चित्र असेल, कधी रंग किंवा सुरावटही असते. लोगो हे नुसतं रेखाटन. आणि ब्रँड म्हणजे तुमचं नाव कानावर पडताच लोकांच्या मनात जे उमटतं ते सगळं. त्याची नोंदणी करणारं कार्यालय जगात कुठेही नाही.

चारही गोष्टी एकाच ठिकाणी वेगवेगळ्या दिसतात त्या नायकेच्या सुरुवातीच्या काळात. १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने त्यांची ती प्रसिद्ध वळणदार खूण ३५ डॉलरमध्ये काढून दिली. तेव्हा कंपनीचं नाव होतं ब्लू रिबन स्पोर्ट्स. म्हणजे कागदावर एक नाव, बुटावर दुसरं, बाजूला एक रेघ. ब्रँड म्हणावा असं तर अजून काहीच नव्हतं, कारण बूट लोकांच्या पायात जायचे होते.

लोगो झाला म्हणजे ब्रँड झाला का?

नाही. "आमचं ब्रँडिंग झालं" असं सांगून कुणी लोगोची फाइल दाखवली की मला कसंसंच होतं. यावर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही. फक्त एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा: बाहेरच्या चित्रकाराकडून लोगो करून घेतला असेल तर पैसे दिल्याने त्या चित्राचा कॉपीराइट बऱ्याच देशांत आपोआप तुमचा होत नाही. हक्क तुमच्या नावे केल्याचा सही केलेला कागद घ्या, आणि तो काम चालू असतानाच घ्या. दोन वर्षांनी तो माणूस सापडेलच असं नाही.

कंपनी नोंदवताना सरकारनेच नाव मंजूर केलं. मग ते माझं नाही का?

खरा घोळ इथे आहे, आणि पैसे बुडतात तेही इथेच.

कंपनी नोंदवणारं कार्यालय मुख्यतः एकच पाहतं: आपल्या यादीत याच नावाची किंवा जवळजवळ याच नावाची कंपनी आधीपासून आहे का? दोन कंपन्यांच्या कागदपत्रांची सरमिसळ होऊ नये, कर एकीचा आणि नोटीस दुसरीला असं होऊ नये, यासाठी ही तपासणी असते. बाजारात त्या नावाने माल कोण विकतंय, हा त्यांचा प्रश्न नव्हे. काही देशांत ते ट्रेडमार्कच्या यादीवरही नजर टाकतात. तरीसुद्धा नाव मंजूर झालं याचा अर्थ एवढाच की या नावाची कंपनी अस्तित्वात येऊ शकते. ते नाव मालावर छापायचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि दुसऱ्याला छापण्यापासून रोखायचा तर मुळीच नाही.

ट्रेडमार्क कार्यालयाचा प्रश्न वेगळा असतो. तिथे विचारलं जातं की ही खूण या मालावर पाहून गिऱ्हाइकाची फसगत होईल का. म्हणून तिथे नाव एकटं कधीच तपासलं जात नाही, मालासकट तपासलं जातं. त्यासाठी नीस वर्गीकरण नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे: एकूण ४५ वर्ग, त्यातले पहिले ३४ वस्तूंचे आणि उरलेले ११ सेवांचे. कपडे आणि पादत्राणं वर्ग २५ मध्ये, संगणक आणि डाउनलोड करायची सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये, शिक्षण आणि करमणूक वर्ग ४१ मध्ये.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, तुम्हाला पाठीवरच्या पिशव्या विकायच्या आहेत. "लहर" नावाची कंपनी नोंदवायला गेलात, यादीत या नावाचं कुणी नव्हतं, मंजुरी मिळाली. तुम्ही पाट्या रंगवल्या, पिशव्यांवर नाव शिवून घेतलं. इकडे दुसरी एक कंपनी, जिचं कागदावरचं नाव पूर्ण निराळं आहे, गेली सहा वर्षं "लेहर" या नावाने पिशव्या विकते आहे आणि तिने तो शब्द वर्ग १८ मध्ये नोंदवलेला आहे. पिशव्या याच वर्गात येतात. कंपन्यांच्या यादीत "लेहर" कुठेच सापडणार नव्हतं, कारण ते कंपनीचं नावच नाही. यथावकाश तुमच्याकडे वकिलाची नोटीस येते. "पण माझी कंपनी याच नावाने नोंदलेली आहे" हे उत्तर सहसा चालत नाही, उलट तेवढ्याने समोरच्या वकिलाला कळतं की तुम्ही ट्रेडमार्कची यादी उघडूनही पाहिलेली नाही. शिवलेला माल उसवावा लागतो, पाट्या उतरवाव्या लागतात.

गंमत म्हणजे यानंतरही कंपनीचं नाव "लहर" राहू शकतं. करारांवर, बँकेच्या खात्यावर ते वापरायला अनेकदा कुणाची हरकत नसते, फक्त पिशवीवर ते येता कामा नये. दोन हक्क एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते इथे दिसतं. उलट बाजूही खरी आहे: ट्रेडमार्क घ्यायला कंपनी असावीच लागते असं नाही, एकट्या माणसालाही तो आपल्या नावावर घेता येतो.

म्हणजे एकच नाव दोघे वापरू शकतात?

हो, माल इतका वेगळा असेल की गल्लत होणार नाही, तर. डेल्टा नावाची विमान कंपनी आहे आणि डेल्टा नावाचे नळही आहेत. नळ घेताना विमान कंपनीने बनवलाय असं कुणाला वाटत नाही. फार प्रसिद्ध नावांना मात्र अनेक देशांत वर्गाबाहेरही संरक्षण मिळतं. त्यामुळे "माझा वर्ग वेगळा" म्हणून एखाद्या जगप्रसिद्ध नावाला हात लावू नका.

आणि वर्ग कायमचे वेगळे राहतीलच असं नाही. बीटल्सची कंपनी ॲपल कोअर १९६८ पासून होती, संगणकवाली ॲपल १९७६ मध्ये निघाली. १९७८ मध्ये पहिल्या कंपनीने दुसरीवर दावा लावला आणि १९८१ मध्ये समझोता झाला: तुम्ही संगीतात येऊ नका, आम्ही संगणकात येत नाही. तेव्हा ही वाटणी अगदी सोपी वाटली असणार. पुढे संगणकच संगीत वाजवू लागले. पुन्हा दावा झाला आणि १९९१ मध्ये दुसरा समझोता झाला, त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले. २००३ मध्ये संगणक कंपनीने गाणी विकायला सुरुवात केल्यावर पुन्हा कोर्ट. २००६ मध्ये लंडनच्या न्यायालयात संगणक कंपनी जिंकली आणि २००७ मध्ये कायमचा तोडगा निघाला: "ॲपल" या खुणेचे सगळे हक्क संगणक कंपनीकडे, आणि त्यातले काही बीटल्सच्या कंपनीला परवान्याने परत. दोघींची नावं आपापल्या ठिकाणी रीतसर नोंदलेली होती. भांडण त्याचं नव्हतंच. कोणत्या मालावर ती खूण कोण लावणार, एवढ्यासाठी जवळजवळ ३० वर्षं गेली.

मग तपासायचं कसं?

कंपनी नोंदवण्याच्या आधी तपासायचं, नंतर नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, शिवाय ज्या देशात विकणार त्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाची यादीही बहुधा ऑनलाइन असते. दोन्ही पाहा, कारण ट्रेडमार्क देशापुरता असतो. नाव जसंच्या तसं टाकून "काही सापडलं नाही" म्हणणं ही नेहमीची चूक. साम्य दिसण्यात, उच्चारात आणि अर्थात, तिन्हीकडे पाहिलं जातं. म्हणून लहर, लेहर, लहरी, वेगवेगळी स्पेलिंगं, इतर भाषांतला त्याच अर्थाचा शब्द, हे सगळं शोधा, आणि आपल्या वर्गाबरोबर शेजारचे वर्गही पाहा. याद्या स्वच्छ दिसल्या तरी बाजारातही शोधा: काही देशांत नोंदणी नसताना नुसत्या वापरानेही हक्क तयार होतो.

वेबसाइटचा पत्ता मोकळा आहे म्हणजे नाव मोकळं आहे, हाही याच जातीचा गैरसमज. पत्ता मिळाला म्हणजे फक्त पत्ता मिळाला.

आधी शब्द नोंदवू की लोगो?

एकाचेच पैसे असतील तर शब्द. नुसता शब्द नोंदवला की तो कोणत्याही अक्षरात, कोणत्याही रंगात तुमचा राहतो. लोगो नोंदवलात तर संरक्षण त्या रेखाटनाला, आणि चार वर्षांनी लोगो बदललात की नवा अर्ज. अपवाद एकच: नाव मालाचं वर्णन करणारं असेल, जसं पिशव्यांसाठी "मजबूत पिशवी", तर शब्द म्हणून ते सहसा नाकारलं जातं. मग लोक चित्र जोडून लोगो म्हणून नोंदवून घेतात आणि नाव मिळालं म्हणून खूश होतात. मिळालेलं असतं ते चित्र. "मजबूत पिशवी" हे शब्द उद्या शेजारचाही वापरू शकतो.

नावापुढे टीएम लिहू की वर्तुळातला आर?

टीएमचा अर्थ "ही खूण आम्ही आमची मानतो" इतकाच, आणि त्यासाठी बहुतेक देशांत परवानगी लागत नाही. वर्तुळातला आर नोंदणी झाल्यावरच लावायचा. अर्ज केलाय, क्रमांक मिळालाय, एवढ्यावर तो लावू नका, अनेक देशांत तो गुन्हा आहे. नोंदणी सहसा १० वर्षांची असते आणि दर १० वर्षांनी कितीही वेळा वाढवता येते, पण खूण वापरात मात्र हवी. सलग काही वर्षं, देशागणिक साधारण ३ ते ५, ती वापरलीच नाही तर दुसरा कुणी अर्ज करून ती रद्द करवू शकतो.