मलूल झाड: तहानलेलं की मुळं कुजलेलं?

काकू, मी रोज न चुकता पाणी घालते, तरी माझी झाडं मरतात. तुळस तर टिकतच नाही. पानं मलूल झाली की आणखी पाणी घालते, पण उपयोग होत नाही. काय चुकतंय?

झाड मलूल दिसलं की लगेच "पाणी घाल" असा सल्ला देणाऱ्यांचा मला भयंकर कंटाळा आलाय. अगं, पान मलूल होतं ते त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही म्हणून. आता पाणी का पोचत नाही? एक तर मातीत ते नसतंच. किंवा मातीत भरपूर असतं, पण ओढून घेणारी मुळंच कुजलेली असतात. वरून दोन्ही झाडं सारखीच मान टाकून उभी, आणि उपाय मात्र नेमके उलटे.

तहानलेलं झाड तुला ओळखता येतंच. माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, पानांच्या कडा कुरकुरीत होतात, कुंडी उचलली तर हलकी लागते. पोटभर पाणी दिलं की काही तासांत ते पुन्हा ताठ होतं.

घोळ होतो तो दुसऱ्या झाडाशी. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळीत असते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशीसारखे रोग शिरतात आणि ती कुजतात. मग ओल्याचिंब मातीत उभं असूनही झाडाला पाणी मिळत नाही. खालची पानं आधी पिवळी पडतात आणि कुरकुरीत न होता मऊ असतानाच गळतात. मातीला कुबट वास येतो. अशा वेळी तू आणखी तांब्याभर पाणी ओततेस!

म्हणून पान बघून ठरवायचं नाही, माती बघायची. तीही वरची नाही, कारण वरचा थर दुपारपर्यंत कोरडा होतोच. खराट्याची काडी चार बोटं आत खुपसून दहा मिनिटांनी काढ. ओलसर माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी बंद, झाड कितीही मलूल दिसो. काडी कोरडी आली तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी घाल आणि ताटलीत साचलेलं ओतून टाक.

तुझ्या तुळशीचं बहुधा असं होतंय: नर्सरीतून रोप येतं चिकट लाल मातीच्या गोळ्यात. तू तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवतेस, पूजेच्या वेळी रोज तांब्याभर पाणी घालतेस, जुलैतसुद्धा. पावसाळी हवेत पाणी उडत नाही आणि गोळा महिनाभर ओलाच राहतो. पूजेला पळीभर पाणी पुरतं, बाकीचं काडी सांगेल तेव्हा. लावतानाही गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी कर आणि कुंडी रोपापेक्षा थोडीच मोठी घे.

मुळं कुजलीच असतील तर झाड वाचतं का?

बुंधा घट्ट असेल तर वाचू शकतं. रोप बाहेर काढून मुळं धुऊन बघ. पांढरट, कडक मुळं ठेवायची. तपकिरी, बोटाने दाबल्यावर साल सुटणारी स्वच्छ कात्रीने कापायची. मुळं कमी झाली म्हणजे वरचा पसाराही तेवढा छाट. माती आणि जाड वाळू सारखी घेऊन लहान कुंडीत लाव आणि आठवडाभर सावलीत ठेव. नवीन पालवी येईपर्यंत खत घालू नकोस, आजारी मुळांना ते जाळतं. बुंधा काळा आणि मऊ झाला असेल तर वरच्या निरोगी फांदीचं टोक पाण्यात ठेव. तुळशीला साधारण दोन आठवड्यांत मुळं फुटतात.

तळाशी खडी घातली तर निचरा सुधारेल ना?

नाही. हे कुणी पसरवलंय कोण जाणे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजी उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडून राहतं. म्हणजे खडीने ओला थर वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर खापराचा तुकडा किंवा जाळी ठेव, पुरे. आणि बिनभोकाच्या चिनी मातीच्या सुंदर कुंड्या फक्त प्लास्टिकची कुंडी आत ठेवण्यासाठी वापर.

ऊन, खत, जागा?

तुळस आणि जास्वंदीला कडक ऊन, मनीप्लांटला उजेडाची खिडकी. खत महिन्यातून एकदा मूठभर, तेही झाड वाढत असेल तर.

माझी जास्वंद रोज दुपारी माना टाकते. तिलाही काडी लावू का?

दुपारी नको. एप्रिल-मेच्या उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की धडधाकट मुळांनाही ते पुरवता येत नाही. संध्याकाळी ती आपोआप ताठ होते. सकाळी सातलाही मलूल दिसली, तरच काडी घे.