वडिलांचं उसनं: द्यावं लागतं की द्यायला हवं

ठाण्याला कोर्ट नाक्यावर मी ज्या वकिलांकडे काम करते तिथे गेल्या पावसाळ्यात कोपरीचा एक जण आला होता, प्लास्टिकच्या पिशवीत वडिलांची जुनी वही गुंडाळून. वहीत एक ओळ होती, जून 2015, शेजारच्या काकूंकडून रोख 80,000 उसने, ताईच्या लग्नासाठी. वडील 2021 मध्ये गेले. काकूंनी इतक्या वर्षांत विषय काढला नव्हता, आता डोळ्याचं ऑपरेशन करायचंय म्हणून संकोचत विचारलं. त्याचा प्रश्न एवढाच होता, "सर, मला हे द्यावे लागतील का?"

सर म्हणाले, कायद्याने नाही, दावा लावायची मुदत कधीच संपली. तो उठला नाही, वहीकडे बघत तसाच बसून राहिला.

मला तेव्हापासून वाटतं की "लागतील का" या एका शब्दात आपण तीन वेगळे प्रश्न कोंबतो. कोर्ट द्यायला लावेल का, हा लीगल. मला आणि माझ्या माणसांना न देणं खुपेल का, हा मॉरल. आणि मी ज्या पेशात आहे त्याचे नियम काय म्हणतात, हा एथिकल. मराठीत शेवटच्या दोघांना आपण नैतिकच म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो, पण हा गोंधळ मराठीचा एकटीचा नाही. एथिक्स हा शब्द ग्रीकमधून आला, आणि त्याला लॅटिनमध्ये शब्द हवा म्हणून सिसेरोने मोरालिस हा शब्द बनवला, म्हणजे मुळात दोन्ही एकच. पेशाचे नियम म्हणजे एथिक्स हा अर्थ खूप नंतर रुळला, इंग्लंडमध्ये थॉमस पर्सिव्हल या डॉक्टरने 1803 मध्ये डॉक्टरांच्या वागण्याच्या नियमांचं पुस्तक काढलं त्याच्या नावात हा शब्द होता.

आपल्याकडे हे तीन धागे कसे सुटे होत गेले ते कर्जाच्या गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त, आणि कर्जाचे नियम व्यवहारात येतात म्हणजे राजाच्या न्यायसभेत. पण बापाचं कर्ज मुलाने का फेडायचं याचं कारण मात्र परलोकाचं, ऋण राहिलं तर बापाला गती नाही. स्मृतिकारांनी त्याला मर्यादाही घातल्या. बापाने दारू, जुगार किंवा बाईच्या नादापायी केलेलं कर्ज मुलावर नाही, आणि बृहस्पतीच्या मते नातवाने आजोबाचं फक्त मुद्दल द्यायचं, व्याज नाही, पणतूवर काहीच नाही. म्हणजे धर्म आणि कोर्ट तेव्हा एकाच दोरीने बांधलेले होते.

इंग्रजांच्या कोर्टांनी ही दोरी तशीच उचलली आणि मुंबई इलाख्यात तर बापाची काहीही मिळकत हाती आली नसली तरी मुलगा स्वतः जबाबदार धरला जायचा. 1866 मध्ये मुंबई सरकारने कायदा करून ते थांबवलं, वारसाकडे जेवढं आलं तेवढ्यापुरतंच देणं. तरी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवर मुलाचं हे धार्मिक कर्तव्य कोर्टातून वसूल करता येत राहिलं, ते थेट 2005 पर्यंत. त्या वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, मुलींना समान हक्क मिळाला म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच कलमात हेही लिहिलंय की यापुढच्या कर्जासाठी निव्वळ धार्मिक कर्तव्य म्हणून मुला-नातवावर दावा चालणार नाही.

कर्जाच्या गोष्टीतला दुसरा मुद्दा मुदतीचा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. 1859 च्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत आली. जुनी, विसरलेली देणी माणसाच्या मानेवर कायम राहू नयेत हा हेतू चांगलाच होता, पण दख्खनमध्ये झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार कुणब्याला बोलवायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा, अंगठा, की पुन्हा तीन वर्षं, आणि कोर्ट फक्त शेवटचा कागद बघायचं. सगळं कायद्यात बसणारं. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांनी मुख्यतः हे रोखेच मागून जाळले. म्हणून 1879 च्या कायद्याने न्यायाधीशाला अधिकार दिला की कागदाच्या मागे जा, मूळ रक्कम किती होती ते पहिल्यापासून तपासा.

आता कोपरीच्या माणसाची केस. परतीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्याची मुदत आज पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षं, म्हणजे जून 2018 ला दावा संपला. त्याआधी वडिलांनी सही करून देणं कबूल केलं असतं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजली असती, वहीतल्या त्या ओळीखाली सही नव्हती. पण मुदत गेली की दावा जातो, कर्ज पुसलं जात नाही. म्हणूनच मुदतबाह्य देणं एकदा फेडलं की नंतर चुकून दिलं म्हणून परत मागता येत नाही. आणि सरांनी एक गोष्ट शोधली जी कोणाच्या डोक्यात नव्हती, 20,000 किंवा त्यावर उसने रोखीत घेणं आयकर कायद्याला चालत नाही, दंड घेतलेल्या रकमेएवढा लागू शकतो. लग्न चार दिवसांवर आलेलं असताना शेजारणीने कपाटातले पैसे काढून दिले, माझ्या मते त्यात नैतिक खोट शोधूनही सापडणार नाही, आणि कायद्यात मात्र बसत नाही.

एथिकल कुठे आलं म्हणाल तर सरांच्या बाजूने. समजा काकू आमच्याकडे आल्या असत्या, फीला पैसे नाहीत म्हणाल्या असत्या आणि सर म्हणाले असते वसूल होईल त्यातले अर्धे द्या, तर ते चालत नाही. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे नेमकं हेच आलं होतं, निकालात त्या सीनियर वकिलांचं नाव न देता नुसतं "जी" हे इंग्रजी अक्षर वापरलंय, त्यांनी अर्ध्या वसुलीवर केस घेतली होती. कोर्ट म्हणालं की वकील नसता तर असा करार कायद्याने आक्षेपार्ह नव्हता, वकिलाने केला म्हणून गैरवर्तन, आणि त्यांची सनद काही काळ निलंबित झाली. आणि समजा तो माणूस सरांना खासगीत म्हणाला असता की पैसे घेतलेत पण मी नाकबूल करणार, तर सर ती केस सोडू शकतात, खोटं बोलायला मदत करू शकत नाहीत, पण काकूंना जाऊन सांगूही शकत नाहीत. माझं मन म्हणतं सांगावं. पण अशिलाला वकिलाजवळ खरं बोलता यायला हवं म्हणून तो नियम आहे आणि मला तो पटतो, त्रास होऊनही पटतो.

सरांनी त्याला शेवटी एवढंच सांगितलं, द्यायचे असतील तर सरळ द्या, उगाच "देईन" असं लिहून सही करू नका, कारण बुडालेल्या देण्याचंही सही केलेलं लेखी वचन नवा करार धरला जातो. आणि रोख नको, चेक द्या, फेडतानाही वीस हजारांचा तोच नियम आहे. काकूंकडून पावती घ्यायची त्याला लाज वाटत होती, सर म्हणाले चेक दिला की पासबुकातली नोंदच पावती. महिनाभराने तो वही घेऊन परत आला, वडिलांच्या ओळीखाली त्याने चेक नंबर, तारीख आणि 80,000 लिहिलं होतं, आणि तो विचारत होता की व्याजाचं काय करायचं, काकू घेत नाहीयेत.