निमुळत्या शाफ्टचा पीळ सरासरी व्यासावरून का काढू नये
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही बनवून दिलेला निमुळता शाफ्ट ठरवलेल्या टॉर्कखाली अपेक्षेपेक्षा जास्त पिळतो, त्या अर्थी पोलाद हलके वापरले असावे, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. अशा वेळी आम्ही शाफ्ट परत मागवतो, दोन्ही टोकांचे व्यास मोजतो, धातूची तपासणी करतो, आणि बहुतेक वेळा शाफ्ट ड्रॉइंगप्रमाणेच निघतो. चूक ग्राहकाच्या अपेक्षित आकड्यात असते, कारण तो आकडा दोन टोकांच्या व्यासांची सरासरी घेऊन, जणू शाफ्ट सर्वत्र सारख्याच जाडीचा आहे असे समजून काढलेला असतो. या एका गोष्टीत आपला आणि आमचा मिळून बराच वेळ जातो, म्हणून ती येथे सविस्तर मांडत आहोत.

सरळ गोल शाफ्टचे सूत्र आपल्या परिचयाचे आहे. टॉर्क T, लांबी L, पोलादाचा शिअर मोड्युलस G आणि व्यास d असल्यास पिळाचा कोन 32·T·L / (π·G·d⁴) इतका येतो. यात व्यास चौथ्या घातात आहे, आणि सगळी अडचण या चौथ्या घातातच आहे. शाफ्टच्या सर्व लांबीभर टॉर्क तोच असला, तरी दर मिलिमीटरला पडणारा पीळ व्यासाप्रमाणे बदलतो. बारीक टोकाकडे तो झपाट्याने वाढतो आणि जाड टोकाकडे त्या मानाने फारच थोडा कमी होतो. त्यामुळे मधल्या व्यासावरून काढलेला पीळ दोन्ही बाजूंची भरपाई करत नाही. तो खऱ्या पिळापेक्षा नेहमी कमीच येतो, कधीही जास्त येत नाही.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या मापांचे एक उदाहरण घेऊ. बारीक टोक 40 मिमी, जाड टोक 60 मिमी, लांबी 600 मिमी, व्यास एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकसारखा वाढत गेलेला, टॉर्क 800 न्यूटन-मीटर आणि पोलादाचा G 80 गिगापास्कल. सरासरी व्यास 50 मिमी धरला, तर कोन 0.00978 रेडियन, म्हणजे 0.56 अंश येतो. खरा कोन काढण्यासाठी शाफ्टचे बारीक काप कल्पून प्रत्येक कापाचा पीळ मिळवत जावे लागते. व्यास सरळ रेषेत बदलत असेल, तर ही बेरीज नेमकी करता येते आणि पुढील सूत्र मिळते:

```
φ = (32·T·L) / (3·π·G) × (d1² + d1·d2 + d2²) / (d1³·d2³)
```

येथे मापे मिलिमीटरमध्ये, टॉर्क न्यूटन-मिलिमीटरमध्ये आणि G न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये घ्यावा, म्हणजे 800000 आणि 80000. पहिला भाग 20372 येतो. दुसऱ्या भागात वर 1600, 2400 आणि 3600 यांची बेरीज 7600, आणि खाली 64000 गुणिले 216000. उत्तर 0.0112 रेडियन, म्हणजे 0.64 अंश. सरासरी व्यासाच्या उत्तरापेक्षा खरा पीळ साडेचौदा टक्क्यांनी जास्त आहे, आणि त्यात पोलादाचा काहीही दोष नाही.

हा फरक कोठून येतो, हे पाहायचे असेल तर शाफ्टचे मधोमध दोन भाग करावेत. मध्यभागी व्यास 50 मिमी आहे. हेच सूत्र प्रत्येक अर्ध्या भागाला लावले, तर 40 ते 50 मिमी या बारीक अर्ध्यात 0.00777 रेडियन आणि 50 ते 60 मिमी या जाड अर्ध्यात केवळ 0.00343 रेडियन पीळ पडतो. एकूण पिळाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग एका अर्ध्याच लांबीत आहे. एखाद्या ग्राहकाला पीळ कमी करायचा असतो आणि तो जाड टोक आणखी जाड करण्यास सांगतो, तेव्हा आम्ही त्यांना हेच गणित दाखवतो आणि बारीक टोकावर एखादा मिलिमीटर वाढवता येतो का, ते आधी पाहण्याची विनंती करतो. तेवढ्या बदलाने जास्त फायदा होतो आणि धातूही कमी लागतो.

याच कारणाने मापातील चूकही दोन टोकांना सारखी महाग पडत नाही. वरील शाफ्टचे बारीक टोक 40 ऐवजी 39 मिमी झाले, तर पीळ जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. जाड टोक 60 ऐवजी 59 मिमी झाले, तर वाढ सुमारे तीन टक्के असते. आमच्या दरपत्रकात बारीक टोकाची सहनसीमा अधिक घट्ट आणि जाड टोकाची थोडी सैल लिहिलेली असते, त्याचे कारण हेच आहे. काही ग्राहकांना ही पद्धत विचित्र वाटते आणि दोन्हीकडे सारखीच सहनसीमा असावी असा आग्रह धरला जातो. ती आम्ही देऊ शकतो, पण जाड टोक घट्ट सहनसीमेत आणण्यासाठी लेथवर लागणारा जादा वेळ पिळाच्या दृष्टीने फारसा उपयोगी पडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरासरी व्यासाची पद्धत अगदीच टाकाऊ आहे, असे आमचे म्हणणे नाही. जाड व्यास बारीक व्यासाच्या 1.1 पट असेल, तर तिच्यातील चूक एक टक्क्याच्याही आत राहते, आणि प्राथमिक अंदाजाला ती पुरेशी आहे. 1.5 पटीला खरा पीळ साडेचौदा टक्के जास्त असतो, हे वर पाहिलेच. दुप्पट असेल तर तो जवळजवळ 48 टक्के जास्त असतो, आणि अशा ठिकाणी ती पद्धत वापरणे धोक्याचे आहे. काही जण सरासरी व्यासाऐवजी दोन्ही टोकांच्या पोलर मोमेंटची सरासरी घेतात. ते त्याहून वाईट ठरते. आपल्या उदाहरणात त्या पद्धतीने केवळ 0.0079 रेडियन येतो, म्हणजे खऱ्यापेक्षा तीस टक्के कमी.

हातात केवळ साधा गणकयंत्र असेल, तर आम्ही एक सोपी पडताळणी सुचवतो. बारीक टोकाचा, मधला आणि जाड टोकाचा असे तीन व्यास घ्यावेत, प्रत्येक व्यासाने संपूर्ण सरळ शाफ्ट आहे असे मानून कोन काढावा, मधल्याला चौपट वजन द्यावे आणि बेरजेला सहाने भागावे. आपल्या शाफ्टला हे तीन कोन 0.02387, 0.00978 आणि 0.00472 रेडियन असे येतात, आणि त्यावरून निघणारे उत्तर 0.01128 आहे. खऱ्या उत्तराहून ते एक टक्क्यापेक्षाही कमी दूर आहे. ड्रॉइंगवरील आकडा याच्याशी जुळत नसेल, तर कृपया ऑर्डर देण्यापूर्वीच कळवावे.

संगणकाच्या तक्त्यात सूत्र लिहिताना आणखी एक अडचण येते. पुष्कळ ठिकाणी हेच सूत्र छेदात (d2 − d1) ठेवून लिहिलेले असते. गणिती दृष्टीने ते बरोबर आहे, पण दोन्ही व्यास समान टाकले की तक्ता शून्याने भागण्याची चूक दाखवतो, आणि व्यास अगदी जवळचे असतील तर उत्तरातले शेवटचे अंक बिघडू शकतात. वर दिलेल्या रूपात ही अडचण नाही. त्यात d1 आणि d2 समान ठेवले की सरळ शाफ्टचेच सूत्र मिळते, आणि तक्ता बरोबर लिहिला आहे की नाही हे तपासण्याची ती चांगली खूण आहे.

पीळ जास्त वाटला की अधिक बळकट जातीचे पोलाद मागितले जाते, याबद्दलही येथेच सांगणे योग्य. अधिक बळकट पोलाद जास्त ताण सोसते, पण त्याचा G साध्या पोलादाइतकाच, 80 गिगापास्कलच्या आसपास असतो. म्हणून लवचीक मर्यादेत त्याच मापांच्या शाफ्टचा पीळ जात बदलून कमी होत नाही. आपल्या उदाहरणात बारीक टोकाच्या पृष्ठभागावरील शिअर ताण 64 मेगापास्कलच्या आसपास आहे, आणि तेवढ्यासाठी महाग पोलाद घेण्याचे कारण सहसा नसते. महाग पोलाद विकण्यात आम्हाला फायदा आहे, तरीही केवळ पिळासाठी ते घेऊ नये, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

आता मोजणीविषयी. शाफ्टवर दोन्ही टोकांना 250 मिमी लांबीचे दर्शक हात बसवून डायल गेजने फरक घेतला, तर खऱ्या पिळाला 2.8 मिमी आणि सरासरी व्यासाच्या हिशेबाला 2.44 मिमी सरक दिसेल. फरक एक तृतीयांश मिलिमीटरच्या थोडा वर आहे, म्हणून मोजणी काळजीपूर्वक व्हावी लागते. हात चकवर किंवा कपलिंगवर न बसवता शाफ्टच्याच अंगावर, टेपर जेथे सुरू होतो आणि जेथे संपतो तेथे बसवावेत. अन्यथा की-वेमधील ढिलेपणा आणि पकडीची सरक शाफ्टच्या खात्यात जमा होते. आधी थोडा टॉर्क देऊन ढिलेपणा काढून घ्यावा, आणि मग दोन टॉर्कमधील फरकावरून कोन काढावा. टॉर्क दुप्पट केल्यावर सरकही दुप्पट होत नसेल, तर दोष बहुधा पकडीत असतो.

या सूत्राच्या मर्यादाही आहेत. व्यास हळूहळू बदलत असेल तेव्हाच ते लागू होते. आपल्या शाफ्टचा पृष्ठभाग अक्षाशी एक अंशाहूनही कमी कलतो, त्यामुळे येथे शंका नाही. तीव्र शंकू, एकदम बदलणारी पायरी किंवा खोल की-वे असेल, तर त्या भागाचा हिशेब वेगळा करावा लागतो. शाफ्टला आरपार एकसारखे भोक असेल, तर वरील सूत्र चालत नाही, कारण चौथ्या घातांची वजाबाकी प्रत्येक जागी निराळी येते. तेथे वरची तीन व्यासांची पडताळणी d⁴ ऐवजी बाहेरील आणि आतील चौथ्या घातांचा फरक घालून करावी. भिंत पातळ असेल, तर तीनऐवजी पाच व्यास घ्यावेत.

ड्रॉइंगवर केवळ «टेपर 1:30» असे लिहून पाठवू नये, ही शेवटची विनंती. व्यासातील बदल आणि लांबी यांचे ते गुणोत्तर आहे, असे आम्ही वाचतो, आणि 600 मिमीवर 40 चे 60 मिमी करतो. काही कार्यालयांत तेच एका बाजूच्या उताराचे गुणोत्तर म्हणून लिहिले जाते, आणि मग जाड टोक 80 मिमी अपेक्षित असते. दोन्ही टोकांचे व्यास, टेपरची लांबी, कामाचा टॉर्क आणि चालणारा कमाल कोन एवढे आकडे दिल्यास आम्ही अंदाजपत्रकासोबतच कोनाचा पूर्ण हिशेब देतो, आणि तयार शाफ्टचे व्यास टेपरच्या लांबीवर पाच ठिकाणी मोजून त्या नोंदी मालासोबत पाठवतो.