यकृत प्रत्यारोपण : रुग्णाची निवड आणि आयुष्यभराची औषधे

निकामी झालेले यकृत काढून त्या जागी दुसऱ्याचे यकृत किंवा त्याचा भाग बसवणे म्हणजे यकृत प्रत्यारोपण. यकृतात व्रण होऊन ते कडक होण्याच्या आजाराचे, म्हणजे सिरॉसिसचे, निदान झाले की लगेच प्रत्यारोपण करत नाहीत. पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी, कावीळ वाढणे किंवा रुग्ण बरळू लागणे यांपैकी काही सुरू झाले, की रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवायला हवे. वारंवार पोटातले पाणी काढण्यात महिने घालवले, तर तोवर मूत्रपिंडेही खालावतात. अचानक यकृत बंद पडणे, आवाक्यातला यकृताचा कर्करोग आणि बाळांमधील पित्तनलिकांचा जन्मजात दोष ही इतर कारणे.

सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराचे उदाहरण घेऊ. वय ४६, वजन ६० किलो, पोटात पाणी. कावीळ दाखवणारे बिलिरुबिन ४, रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर १.९ आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.२ या तीन आकड्यांवरून त्याचा मेल्ड स्कोअर, म्हणजे यकृताच्या आजाराच्या तीव्रतेचा आकडा, २१ येतो. हा स्कोअर ६ ते ४० असतो. साधारण १५ च्या पुढे शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा तिचा फायदा जास्त ठरतो. मग हृदय आणि फुप्फुसे शस्त्रक्रिया पेलतील का, क्षयरोग किंवा अन्यत्र कर्करोग लपलेला नाही ना, दारू सुटली आहे का आणि घरी औषधे सांभाळणारे कोणी आहे का, हे पाहतात. शेवटचा प्रश्न वैद्यकीय वाटत नाही, पण पुढची सगळी वर्षे त्यावर उभी असतात.

मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी सोलापूरच्या रुग्णांची प्रतीक्षायादी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत चालते. वाट पाहणे शक्य नसेल तर जवळचा नातेवाईक यकृताचा भाग देतो. या रुग्णाच्या भावाच्या यकृतात चरबी जास्त निघाली, म्हणून तो बाद झाला. बायकोचा रक्तगट जुळला. सीटी स्कॅनवर तिचे यकृत १,००० ग्रॅम आणि उजवा भाग ६२० ग्रॅम भरला. रुग्णाला वजनाच्या किमान ०.८ टक्के, म्हणजे ४८० ग्रॅम लागते, आणि तिच्याकडे ३० टक्क्यांहून जास्त उरते. दोन्ही बाजूंनी हिशेब जमला.

काही वर्षांत शरीर नव्या यकृताला आपले मानेल आणि गोळ्या सुटतील, असा समज आढळतो. यकृताच्या पेशी बदलत राहतात, पण नव्या पेशीही दात्याच्याच वाणाच्या असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरची ओळख परकीच राहते. रुग्णाच्या शरीरात ती ओळखून हल्ला करणाऱ्या टी-पेशी कायम असतात. प्रत्यारोपणानंतर रोज घ्यायचे टॅक्रोलिमस हे औषध त्या पेशींना चेतवणारा संदेश अडवते. गोळी थांबली की अडथळा गेला. मोजक्या रुग्णांची औषधे देखरेखीखाली सुटली आहेत, पण असा रुग्ण आधी ओळखणारी खात्रीची चाचणी नाही. शरीर नवे यकृत नाकारू लागले तरी सुरुवातीला दुखत नाही. आधी रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि खात्री यकृताचा बारीक तुकडा तपासून, म्हणजे बायोप्सीने, होते.

टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन तपासतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने ती कोसळते, तर क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने चढून मूत्रपिंडांवर ताण येतो. पपनसही टाळायला सांगतात. म्हणून तापासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेले, तरी नवी गोळी सुरू करण्याआधी केंद्राला फोन करावा.