आवृत्ती-सुसंगती (झूम बैठका)

बैठकीत सामील होणाऱ्या प्रत्येक उपकरणावरचे अॅप सेवेच्या सर्व्हरला चालेल अशा आवृत्तीचे असणे, याला आवृत्ती-सुसंगती म्हणतात. मोठ्या कार्यक्रमाआधी ती तपासण्याची गरज झूमच्या बाबतीत २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत ठळकपणे पुढे आली. त्या दोन महिन्यांत दोन वेगळे बदल झाले आणि लोकांच्या बोलण्यात दोन्ही मिळून ‘अपडेटने लिंक बिघडली’ असे झाले. ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

लिंक ‘तुटण्या’चे कारण : झूमची लिंक म्हणजे `zoom.us/j/` आणि त्यापुढे ९ ते ११ अंकी बैठक क्रमांक. फोनवरचे अॅप नवे झाले म्हणून हा पत्ता बदलत नाही. ५ एप्रिल २०२० पासून झूमने मोफत खात्यांच्या बैठकांना पासवर्ड आणि प्रतीक्षा-कक्ष आपोआप लागू केले, आधी ठरवून ठेवलेल्या बैठकांनाही. पासवर्डचा सांकेतिक रूपातला भाग नव्या लिंकमध्ये `?pwd=` नंतर येतो. मार्चमध्ये वाटलेल्या लिंकमध्ये तो नसे. अशी लिंक दाबणारा बैठकीच्या दारापर्यंत जाई आणि तिथे त्याच्याकडे पासवर्ड मागितला जाई. दोष अपडेटचा, असे बहुतेक जण मानत. मात्र तो सर्व्हरवरच्या खाते-सेटिंगचा मानणे अधिक योग्य, कारण एकच लिंक जुन्या आणि नव्या दोन्ही अॅपांवर सारखीच अडते. हीच ओळखण्याची खूण. एक साधे कारणही विसरू नये : एकदाच घ्यायच्या बैठकीचा क्रमांक ठरल्या तारखेनंतर ३० दिवसांनी बाद होतो.

जुनी आवृत्ती अडण्याचे कारण : ३ एप्रिल २०२० रोजी टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने दाखवून दिले की झूमच्या बैठका एईएस-१२८ पद्धतीने, तीही ईसीबी प्रकारात, कूटबद्ध होत होत्या. ईसीबीत सारख्या मजकुराच्या तुकड्याचे कूटरूपही सारखेच निघते, त्यामुळे मूळ आकृतिबंध बाहेरून जाणवू शकतो. त्याऐवजी आलेल्या एईएस-२५६ जीसीएम प्रकारात ही उणीव नाही, शिवाय वाटेत कोणी फेरफार केल्यास तो कळतो. हा प्रकार समजणारी ५.० आवृत्ती एप्रिलच्या अखेरीस आली आणि ३० मे २०२० पासून तो सर्वत्र सक्तीचा झाला. एका बैठकीतील सर्वांना एकच कूटपद्धत समजावी लागते. एका जुन्या अॅपसाठी सवलत ठेवायची तर सगळी बैठकच जुन्या पद्धतीवर न्यावी लागली असती. म्हणून ५.० पूर्वीच्या अॅपांना अपडेट केल्याशिवाय आत घेणे बंद झाले.

उदाहरणार्थ, एखाद्या ग्रंथालयाने रविवार, ३१ मे २०२० च्या व्याख्यानाची लिंक मार्चमध्येच पत्रिकेत छापली असे समजू. सक्ती आदल्याच दिवशी लागू झालेली. ज्याला पासवर्ड विचारला गेला त्याची लिंक जुनी, ज्याला अपडेट करायला सांगितले त्याचे अॅप जुने. पहिल्याला नवी लिंक पाठवली की काम होते. दुसऱ्याला तीच लिंक दहादा पाठवूनही उपयोग नाही.

जुनी उपकरणे : आयपॅड मिनी २ हे iOS १२ च्या पुढे जात नाही. अशा उपकरणावर अॅप स्टोअर त्याला चालणारी शेवटची जुनी आवृत्ती देऊ करते. ती बसते, उघडते, लॉग-इनही होऊ शकते. पण सर्व्हरची किमान मर्यादा तिच्या वर गेली असेल तर बैठकीत शिरताना अपडेटची सूचना येते, आणि अपडेट तर उपलब्धच नसते. ‘अॅप उघडले म्हणजे चालणार’ हा समज इथेच फसतो.

तपासणी : नोव्हेंबर २०२२ पासून झूमने अॅप चालू आवृत्तीपेक्षा नऊ महिन्यांहून अधिक मागे नसावे असा नियम केला आणि किमान मर्यादा दर तिमाहीला वर सरकू लागली. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात चाललेला लॅपटॉप यंदा चालेलच असे नाही. आवृत्तीचा क्रमांक About या पानावर दिसतो. वक्ता, निवेदक आणि सभागृहातला लॅपटॉप यांचे क्रमांक आठवडाभर आधी मागवून घ्यावेत. अपडेट त्याच सुमारास करावे, कार्यक्रमाच्या सकाळी नव्हे. `zoom.us/test` वर चाचणी बैठक उघडते, तीत अॅप, ध्वनी व कॅमेरा कळतात. प्रत्यक्ष लिंक मात्र तिने तपासली जात नाही. त्यासाठी आमंत्रणात गेलेलीच लिंक, यजमानाच्या खात्यात लॉग-इन नसलेल्या फोनवरून दाबून पाहावी. यजमानाच्या स्वतःच्या फोनवर ती बहुधा विनातक्रार उघडते आणि उणीव झाकली जाते.

ज्यांचे उपकरण अपडेट घेतच नाही त्यांच्यासाठी ब्राउझरमधून येण्याचा मार्ग आहे. यजमानाच्या सेटिंगमध्ये तो दुवा दाखवण्याची परवानगी हवी आणि ब्राउझरही पुरेसा नवा हवा. यजमानाच्या खात्यात दूरध्वनीने जोडण्याची सोय असेल तर साध्या फोनवरूनही व्याख्यान ऐकता येते, तिथे अॅपच्या आवृत्तीचा संबंध येत नाही.