परफॉर्मन्स मॅक्सचा रोआस ६ म्हणजे जाहिरात चालतेय?

"दादा, गुगलच्या परफॉर्मन्स मॅक्स कॅम्पेनमध्ये, म्हणजे पीमॅक्समध्ये, कुठली जाहिरात कुठं दिसली ते नीट कळत नाही, पण रोआस ६ आहे, म्हणजे बजेट वाढवायला हरकत नाही ना?"

हरकत आहे. रोआस ६ म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे सहा रुपयांची विक्री, पण तो आकडा एवढंच सांगतो की विक्रीचं श्रेय जाहिरातीनं किती घेतलं, तुमच्या दुकानाचं नाव टाकून शोधणारं जुनं गिऱ्हाईकही त्यातच धरलेलं असतं आणि ते तसंही आलंच असतं.

समजा सांगलीतून हळद-बेदाणे ऑनलाइन विकताय. खर्च ३०,००० वरून ४५,००० केला, गुगलच्या जाहिरात पॅनेलवर विक्री १,८०,००० ची २,४०,००० झाली, भारीच वाटतंय. पण दुकानाची एकूण विक्री बघा, सगळे मार्ग धरून, ती ४,००,००० वरून ४,१८,००० वरच गेली. म्हणजे जादा १५,००० घालून १८,००० ची विक्री, ३० टक्के मार्जिननं ५,४०० हातात, महिन्याला ९,६०० खड्ड्यात! आणि पॅनेल अजून रोआस ५.३ दाखवतंय.

आता दिवाळीच्या महिन्याशी साध्या महिन्याची तुलना केली तर हेही फसतं. म्हणून मी तरी दोन भाग वेगळे करून बघायला सांगतो, सातारा भागात चार आठवडे कॅम्पेन बंद, कोल्हापुरात चालू, आणि डिलिव्हरीच्या पिनकोडवरनं दोन्हीकडच्या एकूण ऑर्डर आधीच्या चार आठवड्यांशी ताडा. साताऱ्यात कोल्हापूरएवढ्याच टिकल्या तर तिथला खर्च वाया जात होता. फक्त आठवड्याला पाच-दहाच ऑर्डर असतील तर फरक योगायोगाचाही असू शकतो, मग जास्त दिवस थांबा.